‘दिड्डम’नंतरचे नऊ सेकंद : गड्ड्याच्या एका बातमीचं प्रकरण

१४ जानेवारी. दुपारचे पावणेचार वाजलेत आणि सोलापुरातल्या एका लहानशा केबल वाहिनीच्या डेस्कवर मी बसलोय. सात वाजता बुलेटिन आहे. श्री सिद्धेश्वर यात्रेतला, म्हणजे आमच्या गड्ड्यातला, अक्षता सोहळा नुकताच आटोपलाय, कॅमेरामन दादा गर्दीतून वाट काढत येतोय आणि त्याचं कार्ड अजून माझ्या हातात पडायचंय. रिपोर्टरची स्क्रिप्ट मात्र सकाळी साडेदहालाच व्हॉट्सॲपवर येऊन पडली होती. सोहळा दुपारचा आणि स्क्रिप्ट सकाळची. इथूनच हे प्रकरण सुरू होतं.

स्क्रिप्ट अशी होती. तीत व्हीओ म्हणजे चित्र चालू असताना वाचायचा मजकूर:

अँकर – सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धेश्वर महाराज यांचा विवाह सोहळा आज लाखो भाविकांच्या उपस्थितीत मोठ्या उत्साहात आणि भक्तिमय वातावरणात संपन्न झाला. पाहूया यावरचा हा खास रिपोर्ट.

व्हीओ १ – पांढऱ्या बाराबंदीतील भाविक आपण पाहू शकता. सात नंदीध्वज डौलाने मार्गक्रमण करत आहेत. रस्त्यावर सुंदर रांगोळ्या काढण्यात आल्या आहेत. अवघी सिद्धरामनगरी भक्तिरसात न्हाऊन निघाली आहे...

आणखी दोन व्हीओ याच चालीवर होते. पोरगा हुशार आहे, आळशी अजिबात नाही. गेल्या वर्षीची, त्याच्या आधीच्या वर्षीची बातमी बघून त्यानं ही लिहिली होती, आणि त्या बातम्याही अशाच कुणाच्या तरी बघून लिहिलेल्या असणार. मी त्याला फोन केला. म्हणालो, “लाख कुणी मोजले?” तो म्हणाला, “सर, लई गर्दी आहे ओ.” गर्दी आहे हे चित्र दाखवेलच. आकडा लिहायचा तर तो कुणी दिला हे त्याच वाक्यात यायला हवं, आणि देणारा कुणी नसेल तर आकडाही नको.

लाखापेक्षा मोठी चूक पहिल्याच वाक्यात होती. तिथं सिद्धेश्वर महाराजांचंच लग्न लागलं. प्रत्यक्षात लागतो तो योगदंडाचा कुंभारकन्येशी प्रतीकात्मक विवाह, आणि हा फरक सोलापुरातलं शेंबडं पोरही सांगेल. बाहेरच्या वाहिनीनं ही चूक केली तर लोक हसून सोडतात, गावातल्या वाहिनीनं केली तर फोन येतात.

चार वाजता कार्ड आलं. ४१ क्लिप, मिळून ३६ मिनिटं. माझा एक हट्ट असतो, सगळं फुटेज एकदा आवाजासकट बघितल्याशिवाय व्हीओची एक ओळ लिहायची नाही. बातमी पावणेदोन मिनिटांची आणि बघण्यातच अर्ध्या तासाच्या वर जातो, म्हणून डेस्कवरचे बाकीचे वैतागतात. पण ते बघितलं नाही तर आपण चित्रावर लिहीत नाही, चित्राच्या शेजारी लिहीत बसतो. त्या सकाळच्या व्हीओची गत तीच होती. बाराबंदी दिसत असताना ‘बाराबंदी पाहू शकता’ म्हणायचं, रांगोळी दिसत असताना ‘रांगोळ्या काढल्या आहेत’ म्हणायचं. हे सगळं प्रेक्षकाला दिसतच असतं. दिसत नाही ते सांगायला व्हीओ असतो.

एकविसाव्या क्लिपवर मी थांबलो. संमती कट्ट्याजवळ, गर्दीच्या आतून घेतलेला शॉट होता. संमती वाचन चाललंय. ‘सत्यम सत्यम’ ऐकू येतं, मग ‘दिड्डम दिड्डम’, आणि त्यासरशी हजारो हात एकदम वर जातात. अक्षता पडतात, पाठोपाठ जयजयकार होतो. हात वर जाण्याआधी अर्धा-एक सेकंद सगळं गप्प असतं, आणि त्या गप्पपणातच सोहळा आहे. हाच क्षण दादानं दुसऱ्या जागेवरूनही घेतला होता, कट्ट्याच्या अगदी जवळून. चित्र जास्त चांगलं होतं, पण कॅमेरा कर्ण्याच्या तोंडाशी असल्यानं आवाज फाटलेला. मीटर सारखा लाल. फाटलेला आवाज एडिटवर कमी करता येतो, पण तो फाटकाच राहतो, नुसता हळू फाटका. म्हणून चित्र थोडं हलणारं आणि आवाज स्वच्छ असलेली गर्दीतली क्लिप घ्यायचं ठरलं. ‘दिड्डम’पासून जयजयकारापर्यंत मोजले तर नऊ सेकंद भरले.

मग बाकीची बातमी या नऊ सेकंदांभोवती बेतली. अँकर १६ सेकंद, पहिला व्हीओ १७, मग हे ९ सेकंद कुणीही न बोलता. त्यानंतर १४ सेकंदांचा बाईट, म्हणजे कुणाचं तरी कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, मग १८ चा व्हीओ, १२ चा दुसरा बाईट, १४ चा शेवटचा व्हीओ आणि ५ सेकंद नुसता आवाज. एकूण १०५. आमच्या अँकर मॅडमचा वेग मला पाठ आहे, सेकंदाला साधारण दोन शब्द. ‘सिद्धरामेश्वर’सारखे शब्द असले की त्याहून थोडा कमी. म्हणजे १६ सेकंदांत तीसच शब्द बसणार, आणि ते मोजूनच लिहावे लागतात.

अँकरचा मजकूर मी दोनदा लिहिला. पहिल्यांदा मोह झाला आणि लिहून गेलो, ‘शेवटचा दिड्डम उमटला आणि हजारो हात वर गेले’. वाचायला छान वाटत होतं. मग लक्षात आलं की जे नऊ सेकंद राखून ठेवलेत त्यांची हवा मीच आधी काढून घेतोय. खोडलं. शेवटी गेलं ते असं:

अँकर – श्री सिद्धरामेश्वर महाराजांच्या योगदंडाचा कुंभारकन्येशी प्रतीकात्मक विवाह आज दुपारी संमती कट्ट्यावर पार पडला. सातही नंदीध्वज मिरवणुकीनं कट्ट्याजवळ पोहोचल्यावर संमती वाचन झालं आणि अक्षता पडल्या. उद्या होम मैदानावर होमविधी आहे.

एकोणतीस शब्द. उत्साह नाही, भक्तिरस नाही, ‘पाहूया’ही नाही. आमच्याकडे अँकर आणि व्हीओचा आवाज एकच. मॅडम स्टुडिओत बसून लाइव्हच वाचतात, मध्येच पडद्यावरून त्यांचा चेहरा जातो आणि चित्र येतं. त्यामुळे ‘पाहूया हा रिपोर्ट’ म्हणून त्याच बाईनं पुन्हा बोलायला लागणं विचित्र वाटतं. आमच्याकडे चेहरा ‘पार पडला’वर जातो आणि दुसऱ्या वाक्यापासून मिरवणूक दिसते.

पहिला व्हीओ:

व्हीओ १ – बाराव्या शतकातली आख्यायिका अशी, की सिद्धरामांशी लग्न करण्याचा हट्ट एका कुंभाराच्या मुलीनं धरला. विरक्त सिद्धरामांनी आपला योगदंड पुढे केला. त्या दंडाशी तिचं लग्न लागलं. त्याची आठवण म्हणून दर वर्षी हा विवाह लागतो.

खाली चित्र म्हणजे रांगोळीवरून जाणारी अनवाणी पावलं, मग बाराबंद्यांची रांग, मग लांबून सातही नंदीध्वज. चित्र आज दुपारचं, शब्द आठशे वर्षांपूर्वीचे. दोन्ही वेगवेगळं सांगतात म्हणून एकमेकांच्या पायात येत नाहीत. ‘लागतो’ हा शब्द संपायच्या दीड सेकंद आधीपासून संमती वाचनाचा आवाज हळू खाली सुरू होतो. त्यामुळे व्हीओ संपला की प्रेक्षकाला धक्का बसत नाही, तो आधीच कट्ट्याजवळ पोहोचलेला असतो.

खरं कसब लागलं ते पहिल्या बाईटला. नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच काठी, पेलणारे एक गृहस्थ, वय साठीच्या पुढे, साडेचारला सावलीत उभं करून पोरानं त्यांना बोलतं केलं होतं. फोनवरून फाइल पाठवली. दोन मिनिटं दहा सेकंद बोलले, आणि मला १४ सेकंद हवे होते. चांगली वाक्यं दोन. सुरुवातीला, “वडील पेलायचे तवा मी नुसता पाण्याची बाटली घिऊन मागं पळायचो.” आणि पार शेवटी, “एकदा पेलला की मग आजूबाजूचं काय बी ऐकू येत नाही बघा.” मधल्या दीड मिनिटात गुडघेदुखी होती, नातवाचं कौतुक होतं आणि यंदा मिरवणूक दोन ठिकाणी अडली ही तक्रार होती.

ही दोन वाक्यं थेट जोडली की जोडावर त्यांचं डोकं टुणकन डावीकडे उडी मारतं, फेटाही एकदम तिरका होतो. हा झटका झाकायला कटअवे लागतो. म्हणजे बोलणाऱ्यावरून नजर दोन-तीन सेकंद दुसरीकडे न्यायची आणि त्या आडोशानं जोड पार करायचा. आडोसा म्हटलं की जबाबदारी आलीच. पोरानं स्वतः कापून पाठवलेल्या आवृत्तीत त्यानं ‘यंदा गर्दी लई’ हे मधलं वाक्य आणि ‘काय बी ऐकू येत नाही’ हे शेवटचं वाक्य एकाला एक जोडलं होतं. वर गर्दीचा कटअवे. बघणाऱ्याला वाटणार, बाबा गोंगाटाची कटकट सांगताहेत. बाबा तर एकाग्रतेचं बोलत होते. कटअवे नसता तर जोड दिसला असता आणि कुणालाही शंका आली असती. कटअवेनं ती शंकाही पुसून टाकली. त्याला मी एवढंच सांगितलं की कटअवे लावण्याआधी जोडलेलं बोलणं डोळे मिटून ऐक, आणि मूळ माणूस शेजारी बसून ऐकतोय असं समज.

वडिलांचं वाक्य आणि ‘ऐकू येत नाही’ हा जोड प्रामाणिक होता. आता त्यावर कुठला शॉट? ४१ क्लिपांपैकी सत्तावीस तर लांबून घेतलेली मिरवणूकच. जवळचे शॉट मोजून चार. पोरगा म्हणाला, “सर, ती पावलं टाका की, भारी दिसतात.” दिसतात खरी, पण ती दुसऱ्याच कुणाची तरी पावलं. ‘एकदा पेलला की’ या वाक्यावर ती आली की प्रेक्षक त्यांना बाबांचीच समजणार. शिवाय बाईट साडेचारचा, सावलीतला, आणि पावलं दुपारच्या उन्हातली, सावली ठळक पडलेली. मिरवणुकीचं बोलणं असल्यानं उन्हाचा फरक एक वेळ खपला असता, दुसऱ्याचे पाय बाबांना लावणं मला खपेना. पर्याय म्हणून बाईट घेताना आजूबाजूला कोण ऐकत उभं होतं त्याचा शॉट हवा होता, तो कुणी घेतलाच नव्हता. पाच सेकंदांचं काम होतं. बाईट संपला की कॅमेरा बंद करायच्या आधी बाबांचे हात, शेजारचा नातू आणि लांबून दोघं बोलताना, एवढं घेतलं असतं तर इथली वीस मिनिटं वाचली असती.

शेवटी सापडलं ते नंदीध्वजाचं टोक. निळ्या आकाशात नुसतं टोक हलतंय, माणूस कुणीच नाही. कुणाचंही नाही म्हणून सगळ्यांचं. पहिलं वाक्य संपायच्या एक सेकंद आधी ते सुरू केलं आणि दुसरं वाक्य दोन सेकंद पुढे गेल्यावर काढलं. जोडाच्या नेमक्या फ्रेमवर कटअवे सुरू केला की तोही झटक्यासारखाच लागतो, म्हणून थोडं आधीपासून.

दुसऱ्या व्हीओत गड्ड्याची गर्दी, पाळणे, खेळण्यांची दुकानं आणि एक ओळ होती: ‘हरवलेल्या मुलांची नावं ध्वनिक्षेपकावरून पुकारली जात होती.’ एडिटरनं या ओळीवर एका लहान मुलाचा क्लोजअप लावला. रडवेला चेहरा, फारच गोड शॉट. मी फ्रेम मागे नेऊन बघितलं तर मुलाच्या खांद्यावर एक हात होता, बापाचा. फुगा न घेऊन दिल्यानं पोरगं रुसलं होतं, हरवलं वगैरे काही नव्हतं. पण त्या ओळीखाली तो चेहरा गेला असता तर रात्री त्याच्या घरी दहा फोन आले असते. शॉट काढून खांबावरचा कर्णा लावला. कर्णा दिसायला कंटाळवाणा, पण ओळ त्याचीच होती.

आता पट्ट्या. पडद्याच्या खालच्या भागात नाव आणि ओळख सांगणारी जी पट्टी येते तिला आमच्याकडे सगळे ॲस्टनच म्हणतात. एका जुन्या यंत्राचं नाव मागे राहिलंय. माझा नेहमीचा हिशेब असा: माणूस बोलायला लागल्यावर साधारण एक सेकंदानं पट्टी यावी, पाच सेकंद राहावी आणि वाक्य संपायच्या आत जावी. वर नाव, खाली ओळख, दोनच ओळी. पहिल्या सेकंदाला प्रेक्षक चेहरा बघतो, तेव्हा पट्टी आली तर तो ती वाचतच नाही.

हा हिशेब दुसऱ्या बाईटला मोडला. अक्कलकोटकडून आलेल्या एक आजी कन्नडमध्ये बोलल्या होत्या. सोलापुरात हे रोजचंच आहे. बाईट मराठीत, कन्नडमध्ये की तेलुगूत येईल हे माणूस तोंड उघडेपर्यंत कळत नाही. आजींचं बोलणं होतं, ‘सासूनं मला इथं आणलं, आता मी सुनेला घेऊन आले.’ वर मराठी आवाज चढवायचा की खाली भाषांतर द्यायचं? आजींचा सूर इतका ठसकेबाज होता की त्यावर दुसरा आवाज घालणं जिवावर आलं. भाषांतर द्यायचं ठरलं, तर ते पडद्याच्या खालीच येणार आणि नावाची पट्टीही तिथेच. एकावर एक ठेवलं की दोन्ही वाचता येत नाहीत. भाषांतर वर सरकवलं तर ते आजींच्या हनुवटीवर चढतं. आधी पट्टी, नंतर भाषांतर असं केलं तर पहिलं वाक्य कन्नड न येणाऱ्याला कळतच नाही, आणि बाईट सगळा बारा सेकंदांचा.

त्यावर तोड एकच होती. आजी आणि सून गर्दीतून चालत येतानाचा तीन-चार सेकंदांचा एक शॉट दादाच्या कार्डावर होता. तो दुसऱ्या व्हीओच्या शेवटी घेतला आणि नावाची पट्टी तिथंच दिली. व्हीओची शेवटची ओळ बदलून केली, ‘काही घरांत ही वारी सासूकडून सुनेकडे येते.’ बाईट सुरू झाला तेव्हा आजी कोण हे कळलेलं होतं आणि खालची जागा भाषांतराला मोकळी होती.

पट्टीच्या निमित्तानं एक तांत्रिक भानगडही झाली. थोडक्यात सांगतो. एडिटरनं नव्या संगणकावर Premiere Pro टाकलं होतं, आणि ‘सिद्धेश्वर’ टाइप केलं की पहिली वेलांटी स च्या उजवीकडे जाऊन बसायची, जोडाक्षर फुटून हलंत दिसायचा. फॉन्ट तीन बदलून झाले. दोष फॉन्टचा नव्हताच. Preferences मध्ये Graphics खाली Text Engine हा पर्याय आहे, तो South Asian and Middle Eastern वर हवा असतो. ते केल्यावर नव्या पट्ट्या नीट आल्या. आधी बनवलेल्या दोन पट्ट्या आम्ही सरळ पुसून पुन्हा टाइप केल्या. आणि पट्टीची उंची इंग्रजी मजकुरावर बेतलेली असते, तिथं देवनागरी बसवली की वरचे रफार आणि खालचे उकार कडेला घासतात. उंची थोडी वाढवली.

सात वाजले. बातमी तिसरी होती. लाइव्ह वाचनाला चित्र नेहमी थोडं जास्त ठेवावं लागतं, अँकर दोन सेकंद रेंगाळली तर पडदा काळा पडू नये म्हणून. आम्ही शेवटच्या शॉटला दहा सेकंद जादा दिले होते. नऊ सेकंदांच्या जागी प्रॉम्प्टरवर मी स्वतः कंसात लिहिलं होतं, (थांबा – ९ सेकंद). मॅडमनी योगदंड, कुंभारकन्या, आख्यायिका सगळं सुंदर वाचलं. ‘दर वर्षी हा विवाह लागतो’ म्हटलं आणि त्याच लयीत, त्याच गोड आवाजात पुढे म्हणाल्या, “थांबा.”

पुढच्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं आणि त्या गप्प झाल्या. नशीब असं की लगोलग ‘दिड्डम’ ऐकू आलं आणि हात वर गेले. नंतर एकानं विचारलं, “ते ‘थांबा’ मुद्दाम होतं का ओ? भारी वाटलं.” मी काही बोललो नाही. आता अशा सूचना प्रॉम्प्टरवर वेगळ्या रंगात जातात आणि अक्षरांऐवजी नुसती उभी रेघ असते. रेघ वाचता येत नाही.

सव्वासातला डेस्कवरचा फोन वाजला. नंदीध्वज पेलणारे बाबा. मला वाटलं, जोडलेल्या वाक्यावरून बोलणार. ते म्हणाले, “बातमी झकास झाली साहेब. पण खाली तुमी मला मानकरी लिवलंय. मी मानकरी न्हवं ओ. मानकरी येगळे असतात. मी नुसता पेलतो. उद्या गल्लीत तोंड कसं दाखवू?”

नाव मी तीनदा तपासलं होतं. नावाखालची ओळ पोरानं दिली तशी घेतली होती, आणि त्यानं विचारलं नव्हतं, गृहीत धरलं होतं. बाबांना विचारलं, “मग काय लिहू?” ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “पेलणारा लिवा की.”

साडेनऊच्या पुनःप्रक्षेपणात पट्टी बदलून गेली. नावाखाली ‘नंदीध्वज पेलणारे भाविक’.